जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी केली की वर उचलते, भिंतीला तडे जातात: तपासणी कुठून सुरू करायची

जमिनीखालच्या आयताकृती काँक्रीट टाक्यांच्या दुरुस्तीला मला बोलावतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा 'गळती' अशीच सांगितलेली असते. प्रत्यक्षात टाकीतलं पाणी बाहेर जात नसतं, बाहेरचं पाणी आत येत असतं. फोनवर ठरलेला प्रश्न येतो, "साहेब, तळातून पाणी झिरपतंय. पूर्ण उपसून कोरडी करून ठेवू का, म्हणजे तुम्हाला नीट बघता येईल?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: पंप बंद ठेवा, आहे ते पाणी आत राहू द्या.

टाकी भरलेली असते तेव्हा आतलं पाणी तळाला खाली दाबतं आणि भिंतींना बाहेर रेटतं. बाहेरची माती आणि भूजल नेमकं याच्या उलट काम करतात. दोघं आमनेसामने असेपर्यंत काँक्रीटवर फारसा ताण येत नाही. आतलं पाणी काढलं की बाहेरचा जोर एकटा उरतो. तो तळाखालून टाकीला वर ढकलतो आणि भिंतींना आत ढकलतो. म्हणून भूमिगत टाकीची खरी परीक्षा ती रिकामी असताना होते, आणि दुरुस्तीसाठी आपण सगळ्यात आधी तीच रिकामी करतो.

लक्षणं

खालच्यापैकी एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा. दोन-तीन एकत्र दिसत असतील तर शेवटचा भाग आधी वाचा.

- टाकीचं झाकण किंवा वरचा स्लॅब शेजारच्या फरशीपेक्षा उंच दिसतो आणि कडेने फट पडली आहे.
- आत येणारा किंवा बाहेर जाणारा पाइप टाकीच्या भिंतीलगत वाकला आहे, त्याचा सांधा वारंवार सुटतो.
- टाकी एका कोपऱ्याकडे कलली आहे. आतलं पाणी स्थिर असताना एका बाजूला भिंतीवर जास्त वर लागतं.
- तळाच्या मधोमध लांबीच्या दिशेने तडा आहे, किंवा तळाचं प्लास्टर फुगून सुटलं आहे.
- लांब भिंतीच्या आतल्या बाजूला, निम्म्या उंचीच्या आसपास आडवा तडा आहे.
- भिंत आणि तळ यांच्या सांध्यातून पावसानंतर पाणी आत येतं आणि कोरड्या दिवसांत थांबतं.
- आतून वॉटरप्रूफिंग केलं, पण पुढच्या पावसात ते पापुद्र्यासारखं सुटलं.

पहिली चार लक्षणं टाकी किंवा तिचा तळ वर ढकलला गेल्याची आहेत. आडवा तडा भिंतीवरच्या मोमेंटचा, म्हणजे भिंतीला वाकवणाऱ्या जोराचा. उरलेल्या दोन्हींत बाहेरच्या पाण्याचा दाब आहे एवढं नक्की. तो टाकीला उचलण्याइतका आहे का, हे हिशेबानेच कळतं.

१. तारखा जुळवा

याला एक पैसाही लागत नाही. टाकी शेवटची कधी रिकामी केली, त्याआधी पाऊस कधी झाला आणि तडा किंवा ओल पहिल्यांदा कधी दिसली, हे घरच्या, सोसायटीच्या किंवा साइटवरच्या माणसांना विचारून एका कागदावर लिहा. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच टाकी साफ केली आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, असं निघालं तर संशय बाहेरच्या दाबावर घ्यायचा. टाकी भरलेली असताना पातळी रोज उतरते आणि रिकामी असताना आत थेंबही येत नाही, असं असेल तर ती साधी गळती आहे. मग ही पोस्ट तुमच्यासाठी नाही.

बांधकामाच्या काळातली एक गोष्टही विचारून घ्या. भिंतींच्या मागे माती भरली तेव्हा वरचा स्लॅब झाला होता का? या उत्तराची गरज पुढे भिंतीच्या हिशेबात लागते, आणि तिथे ते फार महत्त्वाचं ठरतं.

२. लेव्हल ट्यूब आणि दोरी

पारदर्शक नळीत पाणी भरून टाकीच्या वरच्या चारही कोपऱ्यांची उंची एकमेकांशी आणि जवळच्या इमारतीच्या प्लिंथशी ताडून बघा. संदर्भ इमारतीचा घ्यायचा. टाकीभोवतीच्या फरशीचा घेऊ नका, कारण टाकी उचलताना ती फरशीही सोबत हलवते. मोजमापं तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा घ्या.

मूळ नकाशातली पातळी बहुतेकदा मिळत नाही. तरी चार कोपऱ्यांतला फरक बरंच सांगतो. टाकी क्वचितच सरळ वर येते. ज्या बाजूला माती सैल किंवा वजन कमी, ती बाजू आधी उचलते. पाइप कुठे वाकला आहे तेही इथेच बघा. टाकीकडचं टोक वर गेलं असेल तर टाकी उचलली आहे. लांबचं टोक खाली गेलं असेल तर भराव खचला आहे, आणि तो दोष वेगळा.

३. भरावातली पाण्याची पातळी

'आमच्याकडे भूजल खूप खोल आहे, टाकी तरंगायचा प्रश्नच नाही' हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. पुरावा म्हणून शेजारची विहीर किंवा बोअर दाखवतात. विहिरीचं पाणी खोल असेलही, पण टाकीला उचलायला विहिरीतलं पाणी लागत नाही. टाकीसाठी कठीण मुरमात किंवा चिकण मातीत खड्डा खणलेला असतो. टाकी झाल्यावर भोवतालच्या मोकळ्या जागेत सैल माती, रोडे, बांधकामाचा राडारोडा टाकलेला असतो. पावसाचं पाणी, छताचं पाणी, बागेचं पाणी त्या सैल भरावातून सहज खाली उतरतं, पण खड्ड्याच्या कठीण कडेतून त्याला बाहेर जाता येत नाही. खड्डा भरतो, आणि भरलेल्या बादलीत रिकामा डबा दाबून धरावा तशी टाकी त्यात अडकून राहते. विहिरीतलं पाणी तेव्हा कितीही खाली असो, टाकीच्या तळाला ते जमिनीपाशी असल्यासारखंच वाटतं.

म्हणून पातळी विहिरीत न मोजता भरावात मोजायची. भिंतीपासून साधारण अर्धा मीटर लांब हाताच्या ऑगरने टाकीच्या तळाच्या थोडं खालपर्यंत भोक पाडा. त्यात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करा. त्याच्या खालच्या भागाला आधी भोकं पाडून जाळी गुंडाळलेली असावी. भोवती बारीक खडी भरा, वरचा अर्धा मीटर मात्र चिकण मातीने ठासून बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी सरळ पाइपालगत उतरेल आणि मोजमाप खोटं येईल. वर टोपण लावा. आत वजन बांधलेला टेप सोडला की पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते कळतं.

खोदायच्या आधी पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, विजेच्या केबल कुठून गेल्या आहेत ते नक्की करा. पाइप बसवल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मग मोजा. चिकण मातीत पाण्याला पाइपात यायला वेळ लागतो. पहिल्या तासात पाइप कोरडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

माझ्या मते हा पाइप प्रत्येक भूमिगत टाकीशेजारी कायमचा असायला हवा. टाकी कधी रिकामी करायची हे त्याच्याकडे बघूनच ठरतं.

४. टाकी तरंगेल का: वजनाचा हिशेब

यासाठी कागद, पेन्सिल आणि टाकीची मापं एवढंच पुरतं. टाकीने जितक्या पाण्याची जागा अडवली आहे, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर ढकलतो. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन त्यापेक्षा पुरेसं जास्त हवं. सहसा निदान १.२ पट धरतात.

एक टाकी घेऊ. आतून ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर खोल. भिंती आणि तळ २०० मिलिमीटर, वरचा स्लॅब १५० मिलिमीटर. स्लॅबचा वरचा पृष्ठभाग जमिनीच्या पातळीत. बाहेरची मापं ५.४ बाय ३.४ मीटर, एकूण उंची ३.३५ मीटर.

भिंतींचं काँक्रीट १०.०८ घनमीटर, तळाचं ३.६७ आणि स्लॅबचं २.७५. एकूण १६.५ घनमीटर. घनमीटरला अडीच टन धरले की रिकाम्या टाकीचं वजन ४१.३ टन.

आता पाइपात पाणी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं आहे असं धरू. टाकीचा २.८५ मीटर भाग पाण्यात आहे. ५.४ × ३.४ × २.८५ म्हणजे ५२.३ घनमीटर, म्हणजेच ५२.३ टनांचा वरचा जोर. वजन ४१.३ आणि जोर ५२.३, गुणोत्तर ०.७९. ही टाकी रिकामी केली तर उचलणारच. इतकी वर्षं ती जागेवर राहिली, कारण आत नेहमी थोडंफार पाणी असायचं.

हाच हिशेब उलटा केला तर कामाचे दोन आकडे मिळतात. वजनाला बाहेरच्या क्षेत्रफळाने, म्हणजे १८.३६ चौरस मीटरने भागलं की २.२५ मीटर येतात. पाणी तळाच्या खालच्या पृष्ठभागापासून इतकं वर चढलं, म्हणजे जमिनीखाली १.१ मीटरवर आलं, की रिकामी टाकी तरंगायला लागते. १.२ पट सुरक्षितता ठेवायची तर मर्यादा १.८७ मीटर, म्हणजे जमिनीखाली साधारण दीड मीटर. या टाकीच्या पाइपाच्या टोपणावर मी तेवढंच लिहीन: पाणी दीड मीटरपेक्षा वर असेल तर टाकी रिकामी करू नये.

वरचा स्लॅब पडायच्या आधी हीच टाकी ३४.४ टनांची असते, आणि १.८७ मीटर पाण्यालाच तिचं वजन आणि वरचा जोर सारखे होतात. म्हणजे पूर्ण टाकीसाठी जी पातळी सुरक्षित, त्याच पातळीला अर्धवट टाकी उचलते. बांधकाम चालू असताना पावसाने खड्डा भरला आणि रात्रीत टाकी वाकडी झाली, असे प्रकार याचमुळे होतात. स्लॅब होईपर्यंत खड्ड्यात पंप चालू ठेवावा, किंवा टाकीतच पाणी सोडून ठेवावं.

या हिशेबात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक म्हणजे भिंत आणि माती यांच्यातलं घर्षण मोजणं. ओल्या सैल भरावात त्यावर विसंबता येत नाही, मी ते शून्य धरतो.

दुसरी जागा म्हणजे तळाची बाहेर काढलेली कड. तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी ३०० मिलिमीटर वाढवला तर कडेवरच्या मातीचं वजन टाकीला धरून ठेवतं. उपाय उत्तम आहे. पण कडेवरच्या मातीचं ओलं वजन घनमीटरला २ टन धरायचं आणि वरचा जोर मात्र फक्त आतल्या १८.३६ चौरस मीटरवर धरायचा, असा हिशेब मी अनेक कागदांवर पाहिला आहे. आपल्या टाकीला त्या पद्धतीने गुणोत्तर १.५ येतं आणि सगळे खूश होतात. पाण्याखालच्या मातीलाही पाणी उचलून धरतं. तिथे तिचं निव्वळ वजन घनमीटरला सुमारे १ टनच धरायला हवं, आणि कडेच्या काँक्रीटखालचा जोरही मोजायला हवा. तसं केलं की गुणोत्तर जेमतेम १.२ वर येतं. कड ४०० मिलिमीटर केली तर ते सुमारे १.३५ होतं, आणि नवीन बांधकामात मी तीच ठेवीन.

टाकी आधीच बांधून झाली असेल तर अशी कड सहसा काढता येत नाही. आतून तळावर साधं काँक्रीट ओतून वजन वाढवता येतं, पण आपल्या टाकीला २१.५ टन कमी पडतात. त्यासाठी १५ चौरस मीटरच्या तळावर जवळजवळ ६०० मिलिमीटर काँक्रीट लागेल, आणि टाकीची पाचवा हिस्सा साठवण जाईल. तेवढंच वजन आत दीड मीटर पाणी ठेवूनही मिळतं. पावसाळ्यात 'दीड मीटरच्या खाली उपसा नाही' हा नियम पाळणं म्हणूनच सगळ्यात स्वस्त. दुसरा चांगला मार्ग म्हणजे भरावातल्या पाण्याला वाट देणं: तळाच्या पातळीला खडीतून भोकांचा पाइप फिरवायचा, तो एका छोट्या विहिरीत आणायचा आणि तिथे आपोआप चालू होणारा पंप बसवायचा. वीज गेली की हा उपाय थांबतो. त्यामुळे वीज नसताना टाकी रिकामी राहणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

पोहण्याच्या तलावांच्या तळात असतो तसा दाब सोडणारा व्हॉल्व्ह पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बसवू नका. तो उघडला की भूजल सरळ पिण्याच्या पाण्यात येतं.

पूर्ण टाकी उचलली गेली नाही तरी तळाची सुटका होत नाही. वर धरलेल्या पातळीला तळावर चौरस मीटरमागे २.८५ टन वर ढकलतात आणि तळाचं स्वतःचं वजन फक्त अर्धा टन. उरलेला २.३५ टनांचा जोर तळाच्या स्लॅबला दोन लांब भिंतींच्या मध्ये वर वाकवतो. मधोमध, वरच्या पृष्ठभागावर, लांबीच्या दिशेने तडा जातो तो याने. तिथे वरच्या थरात सळई नसेल, सगळी जाळी खालीच असेल, तर तडा रुंद होत जातो.

५. भिंत: तडा कोणत्या बाजूला आहे

आत उतरण्याआधी झाकणातून टॉर्च लावून जेवढं दिसतं तेवढं बघून घ्या. उतरायचंच असेल तर पाइपातली पातळी सुरक्षित हवी. टाकीत हवा खेळती करून, ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजून, दोरी बांधून आणि बाहेर माणूस उभा ठेवूनच उतरायचं. बंद टाकीत बिनवासाची हवासुद्धा जीव घेते. आत कोणी बेशुद्ध पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, बाहेरूनच मदत बोलवायची.

आता भिंतीच्या मोमेंटकडे येऊ. इथे किलोन्यूटन वापरतो, १ टन म्हणजे ढोबळ १० किलोन्यूटन. आपल्या टाकीची ३ मीटरची भिंत, मागे ओला भराव, पाणी वरपर्यंत. माती भिंतीला धरून असते आणि भिंत फारशी हलत नाही, म्हणून स्थिर स्थितीतला गुणांक ०.५ घेऊ. तळाशी मातीचा दाब ०.५ × १० × ३ म्हणजे १५, आणि पाण्याचा ३०. एकूण ४५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. यात पाण्याचा वाटा मातीच्या दुप्पट आहे, हे लक्षात राहू द्या. भराव कोरडा असता तर तळाशी फक्त २७ आले असते.

वरचा स्लॅब नसेल तर भिंत तळातून उभी राहिलेली कॅन्टिलिव्हर असते, म्हणजे फक्त पायथ्याशी धरलेली, वर मोकळी. तळाशी असलेला दाब p आणि भिंतीची उंची h धरली की पायथ्याशी मोमेंट:

```
M = p × h² / 6  = 45 × 9 / 6  = 67.5 kN·m/m
```

वरचा स्लॅब भिंतीत सळयांनी बांधलेला असेल तर तो भिंतीचं डोकं धरून ठेवतो आणि पायथ्याचा मोमेंट असा उतरतो:

```
M = p × h² / 15 = 45 × 9 / 15 = 27 kN·m/m
```

माती तीच, पाणी तेच, तरी मोमेंट अडीच पट वेगळा. तारखा जुळवताना स्लॅब आधी की भराव आधी हे विचारायला सांगितलं, ते यासाठीच. डिझाइन २७ चं असेल आणि ठेकेदाराने स्लॅबआधीच माती भरली असेल, तर पायथ्याचा तडा टाकी वापरात यायच्या आधीच गेलेला असतो. सुटी प्रीकास्ट झाकणं टाकलेल्या टाकीतही भिंतीला कॅन्टिलिव्हरच धरा, कारण झाकण नुसतं टेकलेलं असतं, भिंतीला अडवत नाही. स्लॅबमध्ये लांब भिंतीलगत मोठं मॅनहोल कापलं असेल तर तेवढ्या लांबीत हा आधार तुटतो.

काँक्रीटच्या पृष्ठभागावरचा ताण पटकन काढायला मोमेंटला ६००० ने गुणून मिलिमीटरमधल्या जाडीच्या वर्गाने भागा. २०० मिलिमीटर भिंतीला २७ च्या मोमेंटने चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन ताण येतो. एम ३० काँक्रीट वाकताना साधारण ३.८ ला तडकतं. म्हणजे सगळं ठीक केलं तरी ही भिंत काठावरच आहे. आखूड भिंतींचा कोपऱ्यांपाशी आधार मिळतो म्हणून थोडा दिलासा. ६७.५ च्या मोमेंटने ताण १० वर जातो, तिथे तडा नक्की.

हा पायथ्याचा तडा भिंतीच्या मातीकडच्या बाजूला पडतो, कारण भिंत आत ढकलली गेली की बाहेरची बाजू ताणली जाते. तो आतून दिसत नाही. दिसते ती फक्त सांध्यातून येणारी ओल, आणि लोक सांधा भरत बसतात. आतून दिसणारा तडा वेगळा असतो: स्लॅबचा आधार असलेल्या भिंतीत मधल्या भागात आतली बाजू ताणली जाते, आणि तो ताण तळापासून साधारण १.६५ मीटरवर, म्हणजे निम्म्या उंचीच्या जरा वर, सगळ्यात जास्त असतो. लांब भिंतीवर त्या उंचीला आडवा तडा दिसला तर बाहेरच्या दाबाने भिंत वाकली आहे. लांबीच्या मध्यावर उभा तडा आणि तोही आतल्या बाजूला रुंद, तरी कारण बहुधा तेच. तळापासून वरपर्यंत सरळ, सगळीकडे सारख्या रुंदीचे बारीक उभे तडे मात्र काँक्रीट आकसल्याचे असतात.

भिंतीच्या दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरी ताणा आणि मध्ये दोरीपासून भिंतीचं अंतर मोजा. तसंच वरून ओळंबा सोडून उंचीत मोजा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. तड्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्क्रू बसवून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने घ्या. एकदा मोजून फारसं कळत नाही. दोन पावसांमध्ये अंतर वाढलं की नाही, त्यावरून तडा जिवंत आहे का ते ठरतं.

टाकीशेजारी गाडी उभी राहते का, तेही बघा. चौरस मीटरला १० किलोन्यूटन भार पृष्ठभागावर आला तर भिंतीवर वरपासून खालपर्यंत ५ चा जादा दाब येतो. कॅन्टिलिव्हर भिंतीला त्याने २२.५ चा मोमेंट वाढतो, स्लॅब असलेल्या भिंतीला साडेपाचच्या आसपास. पाण्याचा टँकर टाकीला खेटून उभा करायची सवय असेल तर ती आजच बंद करा.

६. सळई कुठे आहे

इथून पुढे खर्च सुरू होतो. नकाशा मिळाला तर भिंतीत सळयांच्या दोन जाळ्या आहेत की एकच, ते पाहा. आतून पाणी भरलं की पायथ्याशी आतली बाजू ताणली जाते, बाहेरून माती रेटली की बाहेरची. एकच जाळी असेल तर एका स्थितीत ती चुकीच्या बाजूलाच असते. नकाशा नसेल तर कव्हरमीटरने आतून सळयांचं अंतर आणि खोली मोजता येते. पण २०० मिलिमीटर भिंतीच्या पलीकडची जाळी आतून विश्वासाने कळत नाही, ती बघायला बाहेरून माती काढावी लागते. हे काम स्वतः करू नका. तीन मीटर खोल, ओल्या भरावातला चर आधाराशिवाय खणला तर तो ढासळतो.

आतून रसायनाचं प्लास्टर लावायचा सल्ला मिळाला तर थांबा. पाण्याचा दाब त्या थराच्या पाठीमागून येतो आणि त्याला भिंतीपासून सोडवतो. बाहेरचं पाणी उतरवल्याशिवाय आतलं कुठलंही भरण टिकत नाही, आणि तडा जिवंत असताना इंजेक्शनही टिकत नाही.

कुठे थांबायचं

कोपऱ्यांच्या पातळ्या बदलत असतील, भिंतीचा बाक एका सेंटिमीटरच्या वर असेल, तडा दोन मोजमापांत रुंद झाला असेल किंवा तळ फुगलेला असेल, तर पुढची तपासणी तुमची नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो येईपर्यंत टाकीत हळूहळू स्वच्छ पाणी सोडा आणि ते भरावाच्या पाइपात दिसणाऱ्या पातळीइतकं होऊ द्या. आत-बाहेर पाणी समान झालं की तळावरचा आणि भिंतीवरचा पाण्याचा दाब एकमेकांना छेदतो, फक्त मातीचा उरतो. छताचं आणि बागेचं पाणी टाकीपासून दूर वळवा, शेजारी वाहन उभं राहू देऊ नका, कोणालाही आत उतरू देऊ नका.

उचललेली टाकी पाणी उतरल्यावर आपोआप जागेवर बसेल, या आशेवर राहू नका. वर आली तेव्हा खालच्या पोकळीत गाळ आणि माती सरकलेली असते. ती परत टेकते ती एखाद्या कोपऱ्यावर, आणि मग भरल्यावर तळ नव्याने तडकतो. खालची पोकळी शोधून ग्राउट करणं हे त्या कामाची यंत्रणा असलेल्यांचं काम आहे, आणि ते भूजल खाली असतानाच करायचं.

इंजिनिअर आल्यावर त्याच्या हातात चार गोष्टी द्या: तारखांचा कागद, कोपऱ्यांच्या पातळ्या, पाइपातल्या पाण्याची मोजमापं आणि तड्यांचे तारीख घातलेले फोटो. आणि टाकी अजून रिकामी केलेली नाही, हे त्याला आधी सांगा.